हिरड्याचा लेख आणि खालचं नाव

वाल्मीक ढमालेची आठवण निघाली की लोक म्हणतात, फार तापट माणूस. मी म्हणतो, तापायला नको होतं की काय? त्याच्या जागी शंकराची पिंड असती तरी तापली असती.

पौडला आमची हिरडा गोळा करणाऱ्यांची सहकारी संस्था होती. वाल्मीक तिचा सेक्रेटरी, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास, आणि मी तोलाईवर. वरच्या वाड्यांतली माणसं माघापासून रानात हिरडा वेचायची, वाळवून डोक्यावरून खाली आणायची. हिरडा लागतो कातडं कमावायला, आणि घेणारा शेठ एकच, पुण्याचा. तो मूठभर हिरडा हातात घ्यायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "दोन नंबर." सगळा माल दोन नंबर. वर्षानुवर्षं. तो पुढं ज्या कातडं कमावणाऱ्या कारखानदारांना माल विकायचा, ते आम्हाला ठाऊक नव्हते आणि त्यांना आम्ही. त्या साली शेठनं भाव आणखी पाडला. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर संस्था बंद करायची आणि माणसांनी पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं, असं ठरल्यात जमा होतं.

सहकाराच्या एका प्रशिक्षण वर्गात वाल्मीकला कराडकडचा एक चर्मकार भेटला. त्यानं त्यांच्या संघाच्या मासिकाचा जुना अंक दिला. कातडं कमावणाऱ्यांचा संघ, सगळ्या जिल्ह्यांत सभासद. अंकात एक ओळ होती, की बाहेरच्या जाणकारांनीही लेख पाठवावेत. वाल्मीक म्हणाला, "आपण हितं बोंबलून काय व्हतंय? ज्यांना हिरडा लागतो तेच हे वाचत्यात."

पहिला लेख त्यानं रागाच्या भरात लिहिला. शेठ कसा लुबाडतो, आमचा माल कसा उत्तम, आमच्याकडूनच घ्या. संपादकांनी तो परत पाठवला, वर चार ओळी लिहून. आमच्या वाचकांना तुमच्या भांडणाशी कर्तव्य नाही, ही जाहिरात झाली आणि जाहिरातीला वेगळं पान आहे. हिरडा चांगला की वाईट हे कातडं कमावणाऱ्यानं कसं ओळखावं ते लिहा. संस्थेची तारीफ मजकुरात नको. लेखाखाली लेखकाचं नाव आणि पत्ता दोन ओळींत छापू. हंगामाआधीच्या अंकासाठी भाद्रपदात पोचला पाहिजे.

वाल्मीक वही घेऊन वरच्या वाडीवर गेला, हिरडा वेचणाऱ्या धाकलू आणि बाळाबाईकडे. बाळाबाई जन्मभर हिरडा वेचत आलेली. तिनं सांगितलं, "कातळावर वाळवला की पिवळा राहतो. तांबड्या मातीवर टाकला, वर दव पडलं, की काळा पडतो. फोडून बघ. चांगला असंल तर टणक तुटतो. आत भुगा निघाला तर किडका." तिथून वाल्मीक भोरला, कातडं कमावणाऱ्या एका ढोराच्या कुंडावर गेला. त्यानं दुसरी बाजू सांगितली: काळ्या हिरड्यानं कातड्यावर डाग उठतात, आणि लोखंडी भांड्यात भिजवला तर चांगला हिरडासुद्धा कातडं काळं करतो. रानातलं आणि कुंडावरचं असं एकत्र गुंफून त्यानं तीन पानांचा लेख केला. मी वाचला. शेठचं नाव नव्हतं, पण कारखानदारानं तो वाचला तर शेठचा एक नंबर-दोन नंबरचा खेळ आपोआप उघडा पडणार होता.

आणि इथंच माशी शिंकली. आमच्याकडे संस्थेचा कुठलाही कागद अध्यक्षांच्या नावानं जायचा. जंगल खात्याला अर्ज असो की साधं आमंत्रण असो, लिहायचं सेक्रेटरीनं आणि खाली नाव अध्यक्षांचं. वाल्मीकच्या हाताला तेच वळण. लेखाखाली त्यानं लिहिलं, हैबतराव, अध्यक्ष, मुक्काम पोस्ट पौड. हैबतराव म्हणजे आमचे आबा. कातळावरचा हिरडा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

लेख छापून आला. गावात अंक फिरला. आबांनी तो बैठकीत येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. आम्ही पत्रांची वाट बघत बसलो. आठवडे गेले, एकही नाही. शेवटी टपालवाला देवू सहज बोलून गेला, "आबांकडं लई पत्रं यायला लागल्यात. कराड, सांगली, कुटकुटनं."

वाल्मीक तसाच उठला. मी मागोमाग. आबा पान लावत होते.

"आबा, हिरड्याची पत्रं आली व्हय?"

"आली की. शेठला दिली. धंद्यातलं त्यालाच कळतंय. तुमी काय माल नेऊन पोचवणार हाय का सांगलीला?"

"आबा, लेख मी लिवला. माल वाडीवाल्यांचा."

"नाव कुनाचं हाय खाली?" आबा शांतपणे म्हणाले. "माजं नाव छापलंय म्हनून तर लोकांनी पत्रं टाकली. तुला कोन वळखतंय?"

आयत्या बिळावर नागोबा तो हा. मला अजून आठवलं की हात शिवशिवतात. शेठनं त्याच कारखान्यांना आमच्याकडून आधीच घेतलेला साठा एक नंबर म्हणून विकला आणि आम्हाला दोन नंबरचाच भाव पुढं केला.

वाल्मीकनं संपादकांना लिहिलं, लेख माझा आहे, दुरुस्ती छापा. उत्तर आलं: नाव तुमच्याच संस्थेनं, तुमच्याच अक्षरात दिलं, आता बदलता येणार नाही. तेही खरंच होतं, म्हणून अधिक झोंबलं. पण खाली त्यांनी लिहिलं होतं, की हिरडा पावसाळ्यात साठवायचा कसा असं वाचक विचारतायत. त्यावर छोटा लेख द्या, स्वतःच्या नावानं.

बाळाबाई तेव्हा गोदामात टोपली ठेवून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "दादा, आबाला कशापायी शिव्या देतुयास? बोकड आपल्या हातानं बांधून दिला तू त्याच्या दारात. आता कुनाचं नाव घालणार हायेस?"

वाल्मीकचं तोंड उतरलं. त्यानं कागद पुढं ओढला. साठवणीचं तिलाच विचारत लिहिलं: जमिनीपासून उंच फळ्यांवर पोती, ओल्या भिंतीला लावायची नाहीत, उघडीप मिळाली की पुन्हा ऊन द्यायचं. खाली नाव लिहिलं, वाल्मीक ढमाले. त्याखाली आणखी एक ओळ: माहिती बाळाबाई आणि धाकलू, हिरडा वेचणारे, यांच्याकडून. पत्ता, संस्थेचं गोदाम, पौड.

माघात, तोलाई चालू असताना, एसटीतून एक गृहस्थ उतरले. कराडकडचे कारखानदार. स्टँडवर आबा उभेच होते, नेहमीसारखे. ते पुढं झाले, "या, या. हिरड्याचं ना? मी अध्यक्ष."

गृहस्थांनी पिशवीतून साठवणीच्या लेखाचा अंक काढून बघितला. "मला बाळाबाईंना भेटायचंय," ते म्हणाले, "कातळ बघायचाय."

आबा दोन पावलं बाजूला झाले. वाल्मीक त्यांना घेऊन वर गेला. खाली आले तेव्हा सौदा झाला होता, थेट संस्थेशी, आणि बाळाबाईच्या कातळावरचा माल एक नंबर म्हणून.

गाव म्हणतं, शेवट गोड झाला. कसला गोड? संस्था तगली, हे खरं. पण आबा मरेपर्यंत अध्यक्षच राहिले. त्यांच्या शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्यांचा तो हिरड्यावरचा अभ्यासू लेख वाचून दाखवला. वाल्मीक पहिल्या रांगेत होता. बाळाबाई मागं, दारापाशी, बायकांत. शोकसभा विसरून टाळ्या वाजल्या तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "ते मी सांगितल्यालं हाय." कोणीतरी तिला गप्प बस म्हणालं.

वाल्मीक उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "व्हय," तो म्हणाला, "हिनंच सांगितल्यालं हाय."