बावीसशे तास कोणाचे?

सुरतेत मी जपानी शिकवते. आमच्या क्लासच्या मालकांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. अमेरिकेत परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात, तिथला तो अंदाज: कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले सहाशे-सातशे तास, जपानीला बावीसशे.

सुरतेच्याच पांडेसरा भागातली एक मुलगी तेव्हा नवीन आली होती. वडील डाइंग मिलमध्ये, मूळ गाव धुळ्याकडचं. नर्सिंग झालेलं, जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचं होतं. पहिल्याच आठवड्यात ती तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी स्पॅनिशच घेते. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"हे तास कोणाचे, ते वाचलंस का?"

खाली बारीक अक्षरात होतं: ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांच्यासाठी.

मी विचारलं, "घरी 'मी भात खातो' कसं म्हणता?"

ती लाजली. अहिराणी ती क्लासमध्ये कधी बोलत नसे. "मी भात खास."

मी फळ्यावर त्याखाली लिहिलं, 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास.' मी, भात, खास. क्रियापद शेवटी, दोन्हीकडे. इंग्रजी माणसाला ते मधून उचलून शेवटी न्यायला शिकावं लागतं.

"आणि घरात?"

"घरमा." मग तीच म्हणाली, "म्हणजे 'मा' मागून लागतो. जपानीतही 'नि' मागूनच."

तक्त्यावरचे स्पॅनिशचे कमी तासही तुझे नाहीत, मी सांगितलं. इंग्रजीवाल्याला तिथले कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात. तुला ती सवलत तेवढी मिळणार नाही.

ती जपानीतच राहिली. वाक्यं भराभर जमली. पण कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, तिथे अहिराणीचा काही उपयोग नव्हता. दवाखान्यातल्या नोकरीवरून थकून यायची, एकेक अक्षर गिरवायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. पहिल्या परीक्षेत ऐकण्यात उत्तम गुण मिळाले, वाचनात नापास. मीही जरा सावध झाले. तिला किती तास लागतील ते मी सांगितलं नव्हतं, कारण मराठी किंवा अहिराणी माणसासाठी तसा तक्ता मी कुठे पाहिलेला नाही.

दुसऱ्यांदा ती पास झाली आणि जपानला गेली.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. खोलीत एक व्हिएतनामी मुलगी आहे म्हणाली. तिच्या भाषेत जुने चिनी शब्द पुष्कळ, जपानीतही तेच आलेले, त्यामुळे नवा जपानी शब्द कानावर पडला की तिला अर्थ उमगतो. "पण ताई, क्रियापद ती मध्येच घालते. मी तिचं वाक्य सरळ करते, ती मला शब्द सांगते."

"मग जास्त सोपं कोणाला जातंय?"

"दुपारी मला," ती म्हणाली, "इथल्या आजी-आजोबांशी बोलताना. संध्याकाळी त्या चिनी शब्दांनी भरलेल्या नोंदी लिहायला बसलो, की तिला."