हिरव्या ठिपक्याची राखण

माझी नजर कारखान्याच्या फाटकावर तयार झाली. सौंसरजवळच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं सुपरवायझर होतो. भोंगा वाजला की फाटकाशी उभं राहायचं आणि कोण वेळेत आलं, कोण चहाला म्हणून गेलं ते फिरकलंच नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. माणूस जागेवर दिसला म्हणजे काम चालू, एवढं सोपं होतं ते. हा समज माझ्या अंगात इतका भिनला की नोकरी बदलली तरी तो काही गेला नाही.

आता मी घरूनच काम करतो. दवाखान्याच्या विम्याच्या अडकलेल्या फाइली सोडवणारी एक नागपूरची कंपनी आहे. कुठं डॉक्टरची सही नसते, कुठं पेशंटला दवाखान्यातून सुट्टी दिल्याचा कागद नसतो. आमची माणसं दवाखान्यात आणि पेशंटच्या घरी फोन करून कागद पुरे करतात, चार ओळींचं टिपण लिहितात आणि फाइल बंद करून विमावाल्यांकडे पाठवतात. काही कमी राहिलं तर ती परत येते. माझ्या हाताखाली सहा जण, कोणी पांढुर्ण्यात, कोणी लोधीखेड्यात, एक जण रामाकोन्यात, सगळे आपापल्या घरी. माझ्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असायचा. लॅपटॉपवर हात चालू असला की हिरवा, दहा मिनिटं हात लागला नाही की पिवळा. खरं सांगतो, तो ठिपका पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. माझं फाटक मला परत मिळालं होतं.

रामाकोन्याच्या बाईचा ठिपका दिवसातून कितीदा तरी पिवळा व्हायचा. तिशीतली, शांत, मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय न बोलणारी. मी दोनदा टोकलं. दोन्ही वेळा ती "हो सर" म्हणाली आणि ठिपका पुन्हा पिवळा. माझं डोकं तापट आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सहामाही अहवालात मी तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं, "वारंवार जागेवर नसते." त्या वाक्यावर कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या देखरेखीवर ठेवलं. तीन महिन्यांनी मी जे लिहीन त्यावर ती राहणार की जाणार हे ठरणार होतं. नवऱ्याचं काम संत्र्याच्या हंगामापुरतं, पोरगी शाळेत, आणि रामाकोन्यात बसून करता येईल अशी दुसरी नोकरी नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य लिहिलं.

तीन महिने संपत आले तेव्हा नागपूरहून आमच्या मॅनेजर मॅडमचा निरोप आला. या वेळचे अहवाल वेगळे लिहायचे. तास नाही, ठिपका नाही. सुरुवातीला काय करायचं ठरलं होतं, त्यातलं काय झालं, त्यानं पेशंटचं काम झालं की नाही, आणि प्रत्येक म्हणण्यामागे पुरावा म्हणून तीन फाइली. माणसाला एक पान, सगळ्यांना तीच मोजपट्टी, आणि सोमवारी मीटिंगमध्ये प्रत्येक पानाची उलटतपासणी.

मला आधी राग आला. मग मी बंद केलेल्या फाइलींचे आकडे काढले आणि राग निवला. सगळ्यात कमी फाइली रामाकोन्याच्या बाईच्या होत्या. सगळ्यात जास्त पांढुर्ण्याच्या पोराच्या, ज्याचा ठिपका कायम हिरवा. म्हणजे तासानं मोजा की कामानं, मी बरोबरच होतो. गुरुवारी सकाळी तासाभरात मी तिचं पान लिहून टाकलं. शेवटची ओळ होती, "अपेक्षित काम होत नाही."

तीन फाइली जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी तिच्या नावावरची पहिली उघडली आणि मागचा इतिहास खाली सरकवत गेलो. ही फाइल आधी पांढुर्ण्याच्या पोरानं बंद केली होती. परत आली. पुन्हा त्यानंच बंद केली, पुन्हा परत आली. मग कोणीतरी ती रामाकोन्याला पाठवली आणि तिनं अकरा दिवसांनी बंद केली, ती परत आली नाही. दुसरी फाइल उघडली तर तेच. तिसरीही तशीच. पाठवणाऱ्याचं नाव तिन्हींत माझं होतं.

मला आठवलं. परत आलेली, चिघळलेली फाइल दिसली की मी विचार न करता तिच्याकडे ढकलायचो. तिच्याकडे दिली की पुन्हा तोंड दाखवत नाही, हे माझ्या हाताला माहीत होतं. डोक्याला मात्र माहीत नव्हतं. आणि आमच्या यंत्राची गंमत अशी की फाइल कितीदा परत आली हा आकडा ती सध्या ज्याच्याकडे आहे त्याच्या नावावर चढतो. म्हणजे पोराच्या परत आलेल्या फाइली तिच्या खात्यात पडत होत्या, आणि त्याच्या नावावर दोनदा बंद झाल्याचा मान राहत होता. पोराला तरी काय बोलणार? त्याला मी आकडाच विचारत होतो, त्यानं आकडाच दिला.

गुरुवार आणि शुक्रवार मी सहाही जणांच्या तीन महिन्यांच्या फाइली एकेक करून पाहिल्या. कोणी पहिल्यांदा बंद केली, कुठल्या कारणानं परत आली, सोपी होती की अवघड, हे वहीत लिहून काढलं. बायकोनं विचारलं, जेवता का. मी तिच्यावरच खेकसलो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्र उलटं झालं होतं. अवघड फाइलींतल्या निम्म्याहून जास्त तिनं सोडवल्या होत्या, आणि त्यातल्या अगदी थोड्या परत आल्या होत्या. पण एक गोष्ट बसत नव्हती. शेवटच्या महिन्यात तिचा ठिपका जवळजवळ दिवसभर हिरवा होता, आणि नेमक्या त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तिच्या फाइली परत यायला लागल्या होत्या. सोमवारी मॅडम हे विचारणार, म्हणून त्याआधी तिलाच विचारायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी तिला दुपारी येतो म्हणून फोन केला आणि मी लगेचच रामाकोन्याला निघालो. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझीच लाज वाटली.

दार उघडंच होतं. आत शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर खुर्चीवर सत्तरीच्या एक म्हाताऱ्या बाई, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. एक हात माऊसवर. मला बघूनही त्यांनी हात काढला नाही, तसाच थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवला. त्या तिच्या सासूबाई होत्या. शनिवारीही अर्धा दिवस काम असतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी दारातच थबकलो. असं लॅपटॉप जागा ठेवणं आमच्या कंपनीत फसवणूक धरतात. या एका गोष्टीवर तिला त्याच दिवशी काढता आलं असतं.

सून गच्चीवरून धावत खाली आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात शाळेची दोनशे पानी वही. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, मी कामच करून राहिली होती," ती म्हणाली. "खाली फोन लागत नाई. दवाखान्यावाल्याशी बोलाले वर जा लागते."

मी वही मागितली. प्रत्येक फाइलला एक पान. किती वाजता कोणाला फोन केला, कोण काय म्हणालं, कुठला कागद कोणाच्या कपाटात आहे. एका पानावर लिहिलं होतं, "आजोबाला कमी ऐकू येते, नातीशी बोलणे." हे सगळं गच्चीवर बसून. खाली आल्यावर तासाभरात टाइप करून टाकायची, तोवर ठिपका पिवळा. देखरेख लागली तेव्हा तिनं सोसलं, पण शेवटच्या महिन्यात भीतीनं ती वर जायचीच थांबली. दिवसभर खाली लॅपटॉपपाशी बसली, फोनऐवजी नुसते मेल पाठवत राहिली, आणि फाइली परत यायला लागल्या. पंधरा दिवसांनी तिला ते सहन झालं नाही. ती पुन्हा गच्चीवर गेली, आणि खुर्ची सासूबाईंनी धरली.

"लिहाल का सर तुम्ही हे?" तिनं विचारलं. नजर माऊसकडे होती.

मी म्हटलं, जे आहे ते लिहीन. तिला ते शिक्षेसारखं ऐकू गेलं असणार, कारण तिनं फक्त मान हलवली. सासूबाईंनी चहाचं विचारलं, खुर्चीवरूनच. मी घेतला नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तिचं पान तिसरं आलं. अवघड फाइली किती, परत किती, पुरावा म्हणून तीन, सगळं मी सांगितलं. परतीचा आकडा चुकीच्या नावावर चढतो हेही दाखवलं. मॅडम ऐकत होत्या. मग मला ज्याची भीती होती तेच त्यांनी म्हटलं, की बघा, देखरेखीचा फायदा झाला, शेवटच्या महिन्यात किती हिरवं आहे. हे कसं जमलं तिला?

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. अहवालात ठिपका नाहीच, मग उत्तर कशाला? पण पंधरा दिवसांच्या परत आलेल्या फाइली कागदावर होत्या, आणि कारण नाही सांगितलं तर त्या तिच्याच माथी राहणार होत्या.

"पहिले पंधरा दिवस ती काम सोडून ठिपका सांभाळत होती," मी म्हणालो. "नंतर ती काम करत होती आणि तिच्या सासूबाई ठिपका सांभाळत होत्या. दोन्ही माझ्या एका वाक्यामुळे."

मॅडमनी विचारलं, हे कोणाच्या पानावर लिहायचं, तिच्या की तुमच्या. मी म्हटलं, माझ्या. त्यांनी ते टाइप करताना आवाज येत होता. देखरेख त्याच दिवशी उठली, लॅपटॉपपाशी पुन्हा कोणी दुसरं बसायचं नाही एवढी ताकीद मी तिला द्यायची असं ठरून. माझ्या पानावरची ओळ अजून आहे, आणि ती तिथं आहे हे बरोबरच आहे.

दुपारी मी तिला फोन लावला आणि तिचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात माह्ये तास कुठीच नाई लिहिले सर." मी म्हटलं, यापुढे कोणी लिहिणार नाही. ठिपका पिवळा राहू दे, लॅपटॉपपाशी दुसऱ्या कोणी बसायला नको.

पलीकडे ती गच्चीवरून खाली सासूबाईंना काहीतरी ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं. मग खालून म्हातारीचा आवाज आला.

"मंग मी उठू का आता?"