बठ्ठं ठीक शे

नऊ फेब्रुवारी, सोमवार. काम : नरडाण्याच्या जिनिंगमधल्या कॉम्प्युटरची डिस्क का भरली ते शोधणे आणि रिकामी करणे.

वहीत मी इतकंच लिहिलं आणि जळगावहून सकाळची पॅसेंजर पकडली. डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठं?" म्हटलं, नरडाण्याला, कॉम्प्युटरचं पोट साफ करायला. त्यांनी पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली.

जळगावात माझं छोटं ऑफिस आहे. दुकानांची बिलं, शाळांचे निकाल, असली कामं मी करते. त्यातच आदल्या जुलैमध्ये या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, एक प्रोग्रॅम लिहिला होता. पाच बाजार समित्यांच्या वेबसाइट तो दर अर्ध्या तासाने उघडायचा, त्यातला कापसाचा भाव उचलायचा आणि जिनिंगमधल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवायचा. तिथून तो भाव गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहायचं काम आबांचं. आबा म्हणजे वजनकाट्यावरचे जुने कारकून. जुलैपासून मी प्रोग्रॅमला हात लावला नव्हता, आणि हे मी भेटेल त्याला सांगत होते. शिरपूरच्या दोन जिनिंगवाल्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, नरडाण्याचे भाऊ हो म्हणाले की आम्हीही बसवू.

भाऊ म्हणजे जिनिंगचे मॅनेजर. रविवारी त्यांचा फोन आला. "ताई, तुमचं यंत्र गुरुवारपासून झोपलंय. फळ्यावर चार दिवस तोच भाव. शेतकरी विचारतात, भाव गोठला का म्हणून. उद्या या. मंगळवारी पहिली गाडी काट्यावर यायच्या आत फळा बरोबर पाहिजे. नाहीतर प्लग काढतो आणि पहिल्यासारखा फोनवर भाव विचारतो."

चालणारा प्रोग्रॅम आपण काय करतो ते एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहीत जातो. ती त्याची लॉग फाइल. कोणी बघायला नसताना तो महिनोन्महिने चालणार असेल, तर पुढे काय झालं ते कळायला तेवढीच एक वाट असते. माझ्या लॉगमध्ये दर फेरीला आधी आणलेलं अख्खं पान उतरवलेलं असायचं आणि शेवटी एक ओळ असायची : बठ्ठं ठीक शे. म्हणजे सगळं ठीक आहे. प्रोग्रॅम लिहिताना मी आनंदात होते, आणि धुळ्याकडच्या माझ्या आजोळची बोली जिभेवर आली होती, दुसरं काय. आबांना मात्र ती ओळ फार आवडली. रोज सकाळी ते चहा घेऊन पडद्यासमोर बसत, ती ओळ मोठ्याने वाचत आणि मग खडू हातात घेत.

मी पोचले तेव्हा आबा काट्यावर होते. गेटवर वॉचमन वहीत सही करत होता.

"ही कसली सही?" मी विचारलं.

"फळा बरोबर लिहिलाय याची," वॉचमन म्हणाला. "नोव्हेंबरपासून भाऊंचा हुकूम आहे. आबा लिहितात, मी तपासतो." तो स्वतः थोडा ओशाळला होता.

नोव्हेंबर मला आठवला, पण त्या वेळी मी तो बाजूला सारला. आधी डिस्क.

लॉग उघडला. गुरुवारी अकराची शेवटची ओळ अशी होती : बठ्ठं ठ. पुढे अर्धवट अक्षराचा एक चौकोन आणि मग काहीच नाही. वाक्य पुरं करायलाही जागा उरली नव्हती. नवा भाव साठवायला जागा नाही, म्हणून पडदा जुनाच भाव दाखवत राहिला. ठीक आहे असं सांगता सांगताच प्रोग्रॅमचा गळा दाबला गेला होता. मी एकटीच हसले.

पण डिस्क भरायचं कारण नव्हतं. रोज मध्यरात्री त्या दिवसाच्या फाइलला तारखेचं नाव मिळेल आणि नवी कोरी फाइल सुरू होईल, अशी सोय मी केली होती. मागच्या चौदा दिवसांच्या फाइली राहायच्या, पंधरावी आपोआप पुसली जायची. मोजून पाहिलं तर चौदाच होत्या. तरी डिस्क गच्च. शोधता शोधता एक फोल्डर सापडला : 'जुन्या पावत्या'. आत नोव्हेंबरपासूनच्या जवळजवळ शंभर लॉग फाइली, एकेक अडीचशे मेगाबाइटची, तारखेनुसार नीट लावलेल्या.

आबांना बोलावलं. ते आले आणि खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले.

"आबा, हे कोणी केलं?"

"मी." ते अजिबात गडबडले नाहीत. "ताई, तुमचं यंत्र रोज इतकं लिखस, आणि चौदा दिनमा पुसी टाकस. मी रोज एक नक्कल ठेई दिधी. वाचमनच्या पोऱ्यानं शिकाडं मला, कॉपी-पेस्ट."

"पण कशाला?"

"काट्याची पावती कधी फेकतात का?" आता ते ऑफिसातल्या मराठीत आले. "तीस वर्षांच्या पावत्या माळ्यावर बांधून ठेवल्यात. आणि नोव्हेंबरात भाऊ मला बोलले ना, की फळा चुकीचा लिहितो, डोळे तपासून घ्या. त्या दिवशीच ठरवलं, यंत्र काय म्हणतं ते सगळं ठेवायचं. तेव्हा होत्या त्या चौदाही उचलून ठेवल्या. मला त्यातलं कळत नाही. पण ठेवायचं."

ते पुन्हा काट्यावर गेले. आता मला एकच करायचं होतं : तो फोल्डर पुसायचा. पंचवीस जीबी मोकळे झाले असते, फळा चालू, भाऊ खूश, शिरपूरचं काम पक्कं. फोल्डर निवडून बोट कळीवर ठेवलं आणि मग, कामाच्या सवयीने म्हणा किंवा चोंबडेपणाने, नोव्हेंबरची एक फाइल उघडली.

नोव्हेंबरात असं झालं होतं : एका बाजाराचा फळ्यावरचा भाव आठवडाभर हलला नाही, म्हणून गेटवर वादावादी झाली. भाऊंनी मला फोन केला. मी जळगावात बसून लॉगच्या फक्त शेवटच्या ओळी फोनवर मागवून पाहिल्या. प्रत्येक फेरीला 'बठ्ठं ठीक शे'. मी म्हटलं, "प्रोग्रॅम बरोबर आहे, भाऊ. लिहिणाऱ्याने चूक केली असेल." दोन दिवसांनी भाव आपोआप हलू लागला आणि मी विसरून गेले.

आता फाइलमधलं पान वाचलं. त्या बाजाराने पानाची मांडणी बदलली होती. माझा प्रोग्रॅम जुन्या जागी भाव शोधत होता, आणि त्याला एकही ओळ मिळत नव्हती. नऊ दिवस, बाजाराने पान पुन्हा पहिल्यासारखं करेपर्यंत. ओळ मिळाली नाही म्हणून तो शेवटचा माहीत असलेला भाव दाखवायचा आणि खाली आनंदाने लिहायचा, बठ्ठं ठीक शे. कारण ती ओळ मी फेरी संपली की लिहायला सांगितली होती. फेरीत काही हाती लागलं की नाही, हे त्याला विचारलंच नव्हतं. पडद्यावर जे होतं तेच आबांनी फळ्यावर उतरवलं होतं.

म्हणजे माझा गुन्हा सिद्ध करणारा कागद जगात एकाच ठिकाणी होता, आणि तो पुसण्यासाठीच मला बोलावलं होतं. आबांनाही त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. एक कळ दाबली असती की झालं.

मी दोनदा चहा मागवला. इतका चहा मी पीत नाही.

मग नोव्हेंबरच्या त्या नऊ फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, बाकीचा फोल्डर पुसला आणि भाऊंच्या केबिनमध्ये गेले. आबांनाही बोलावलं.

"भाऊ, नोव्हेंबरात फळा आबांनी बरोबर लिहिला होता. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. हा पुरावा."

भाऊंनी पेनड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला. "तुम्हीच तर म्हणाला होतात, लिहिणाऱ्याची चूक."

"म्हटलं होतं."

"आणि मी यांच्यावर वॉचमन बसवला."

"बसवलात."

आबा म्हणाले, "डोळेबी तपासी उनू. चष्मा लागना नही." आणि भाऊंकडे असं पाहिलं, की भाऊंना टेबलावरच्या सरकीत फार रस वाटू लागला.

शेवटी भाऊ म्हणाले, "यंत्र ठेवायचं की नाही ते आबा सांगतील. मी नाही."

आबांनी घाई केली नाही. "ठेवू. पण त्याला खोटं बोलू देऊ नका. आणि ते काय म्हणतं ते मला कळलं पाहिजे. इंग्रजी नको."

दुपारभर काट्याशेजारच्या खोलीत बसून मी ओळ बदलली. आता प्रत्येक फेरीला बाजारागणिक एकच ओळ, आणि ओळीत ठरलेले रकाने, ठरलेल्या नावांचे : वेळ, बाजार, मिळालेल्या ओळी, भावाचा दिवस, डिस्कवर उरलेली जागा, निकाल. ओळी शून्य असतील किंवा भावाचा दिवस जुना असेल, तर निकाल 'अडलं'. नाहीतर 'मिळालं'. ठीक हा शब्दच काढून टाकला. रकाने ठरलेले असले की 'अडलं' असलेल्या ओळी प्रोग्रॅमच वेचून काढतो आणि माझ्या फोनवर पाठवतो. अख्खं पान आता लॉगमध्ये जात नाही. अडलं तरच वेगळं ठेवतो, तेही त्या बाजाराचं शेवटचं एकच. लॉग पाच मेगाबाइटचा झाला की गुंडाळून नवा सुरू, जुन्या दहा फाइली राहतात. एवढ्यात दीड वर्षाचा हिशेब मावतो.

आबा मागे उभे राहून बघत होते. "आणि मी नक्कल ठेवली तर?"

"ठेवा. शंभर वर्षं ठेवलीत तरी चार जीबीच्या आसपास."

"मग माळ्यापेक्षा बरं," ते म्हणाले. "पण पहिलं कसं गोड बोलायचं ते. हे तर तलाठ्यासारखं बोलतं."

संध्याकाळी धुळ्याला नणंदेकडे गेले. तिने विचारलं, काम झालं का? म्हटलं, झालं. ठीक म्हटलं नाही.

मंगळवारी पहिल्या गाडीआधी मी पुन्हा गेटवर होते. आबा खडू घेऊन उभे होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि वॉचमनची वही स्वतःच्या काखेत धरली. पडद्यावर पाच ओळी होत्या, पाचही 'मिळालं'. आबा एकेक भाव सांगत गेले, मी लिहीत गेले. तिसऱ्या बाजाराला त्यांनी थांबवलं. "तो सात पुसा. एकसारखा दिसतो." मी पुसला, पुन्हा काढला. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन फळा वाचला आणि वहीत सही केली. कापसाने भरलेली पहिली गाडी गेटात शिरली. मी हातावरचा खडू साडीला पुसला आणि स्टेशनची वाट धरली.