शालिनीमावशींच्या भाषणातला चौथा मुद्दा

शालिनीमावशी काल दुपारी गेल्या.

त्यांच्या शेवटच्या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी खाल्लं होतं.

मावशी ह्यूस्टनच्या एका मेडिकल कॉलेजात सीनियर प्रोफेसर. मूळच्या नागपूरच्या. मी त्याच कॉलेजच्या इव्हेंट्स ऑफिसात. कॅम्पसवर त्या 'डॉक्टर', ह्यूस्टनजवळ शुगर लँडला त्यांच्या घरी मावशी.

यंदा व्हाइट कोट सेरेमनीचं भाषण त्यांच्याकडे होतं. फर्स्ट इयरची पोरं, त्यांचा पहिला पांढरा कोट आणि मागच्या रांगांत डोळे पुसणारे आईबाप. आधी भाषण, मग एकेकाचं नाव पुकारून कोट चढवायचा, शेवटी सगळ्यांनी मिळून शपथ.

भाषणाला सात मिनिटं. त्याच्या वर एक नाही, कारण नंतर दीडेकशे नावं असतात.

मावशींनी पिवळ्या कागदावर चार मुद्दे खरडले आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "तू बांध. मी लिहायला बसले तर लेक्चर होतं."

एक. तुमचा कोट आखूड, आमचा लांब. लाज नको. आखूड कोटवाल्याकडे वेळ असतो.

दोन. पेशंटशी उभ्याने बोलू नका. खुर्ची ओढा, बसा.

तीन. आईबापांनो, पोरं फोन करणार नाहीत. जेवण पाठवा, प्रश्न पाठवू नका.

चार. मी ऐकलं नाही. तो गेला. सांगायचंच.

चौथ्याखाली दोन रेघा होत्या.

मी फोन केला. "मावशी, चार म्हणजे काय?"

"रेसिडेन्सीत होते, शिकाऊ डॉक्टर. एक बस ड्रायव्हर आला, पाठ दुखते म्हणून. फाइलमध्ये जुनी पाठदुखी लिहिलेली. मी दारातच उभी, हात हँडलवर. तो म्हणाला, डॉक्टर, हे नेहमीचं नाही, आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, एकदम. मी पेनकिलर देऊन घरी पाठवला."

"मग?"

"महाधमनी फाटत होती गं. संध्याकाळी परत आणला तेव्हा उशीर झाला होता. त्याने मला डायग्नोसिस सांगितलं होतं, मी फाइल ऐकत बसले."

मग म्हणाल्या, "नाव नको, गाव नको, हॉस्पिटल नको. पण मी केलं, हे मीच सांगणार. चाळीस वर्षं वाट पाहिली."

मला तेव्हा कळलं, खुर्चीचा मुद्दा कुठून आला ते.

आता माझी हुशारी ऐका.

मी भाषण बांधलं. आखूड कोटाने सुरुवात, म्हणजे हशा. मग खुर्ची. आईबापांचा मुद्दा शेवटाला नेला, म्हणजे टाळ्या. वीसचा फॉन्ट, डबल स्पेस, प्रत्येक पान पूर्णविरामावर संपतंय, पानांना स्टेपल नाही. सगळं नियमात.

आणि चौथ्याच्या जागी मी लिहिलं, "वैद्यकशास्त्र आपल्याला नम्र व्हायला शिकवतं."

का? कारण ड्राफ्ट डीन ऑफिसला जातो. आनंदाच्या दिवशी मेलेला पेशंट तिथे कुणी पास करणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मावशी आयुष्यात कधी कागदाला धरून बोलल्या नव्हत्या. म्हटलं, गुळगुळीत वाक्य पुढे जाऊ दे, स्टेजवर त्या सांगतीलच.

मावशींना हे सांगितलंही नाही. त्यांची केमो चालू होती, म्हटलं कशाला त्रास.

सेरेमनी शुक्रवारी. मंगळवारी मावशी ॲडमिट झाल्या. गुरुवारी घरी आल्या त्या हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतली, नर्स घेऊनच. भाषण असोसिएट डीन वाचणार असं ठरलं.

मी लगेच असोसिएट डीनच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, एक परिच्छेद परत घालायचाय, डॉक्टरांची इच्छा आहे.

माणूस वाईट नाही. त्याने शांतपणे वाचलं.

"ही तिची कबुली आहे. मी कशी देऊ? 'मी' म्हणून वाचलं तर खोटं, 'ती' म्हणून वाचलं तर चहाडी. आणि पेशंटचं आहे, लीगलने बघायला हवं. उद्या सकाळी सेरेमनी आहे. आधी का नाही आणलंस?"

मलाही त्याच्या जागी तेच म्हणावं लागलं असतं.

मावशींकडून दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणते, असंही मी म्हणाले. संध्याकाळी घरी गेले तर मावशींना धड एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. फोन पर्समधून काढलाच नाही.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. त्यांच्या पलंगाशी आयपॅड लावून लाइव्हस्ट्रीम बघत बसले.

आखूड कोटाला हशा आला. मावशीही हसल्या. खुर्चीला पोरांनी माना डोलावल्या.

मग ते वाक्य आलं. नम्र व्हायला शिकवतं.

छान वाचलं असोसिएट डीनने. थोडं थांबून. हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

मावशी स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"हे मी म्हटलं?"

यार, खरं सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण आता सांगून त्या काय करणार होत्या? उठून स्टेजवर जाणार होत्या?

"हो, मावशी," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि डोळे मिटले. पोरांची नावं पुकारणं चालू होतं, कोट चढत होते, मी आवाज बंद केला.

त्यानंतर चार दिवस होत्या. मी रोज जात होते. रोज गाडीत ठरवायचे, आज सांगते. रोज पाणी पाजून, उशी सरकवून परत यायचे.

दीडशे पोरं कोट घालून वर्गात बसलीत. त्यांना वाटतंय, आपल्या प्रोफेसर फार नम्र होत्या.

त्या नम्र नव्हत्या. त्या खऱ्या होत्या. ते सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मावशी, माफ करा. शेवटचा जय भीम.