न हललेलं लेकरू

आळेफाट्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी काढलेला, आता मी चालवते. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स असलं सगळं करते, पण दुकान खरं चालतं ते मेलेल्या माणसांवर. कुणी गेलं की दहाव्याच्या आत घरच्यांना फ्रेम हवी असते. मग व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी लग्नातला गर्दीचा फोटो येतो आणि त्यातल्या एका डोक्याभोवती बोटाने काढलेला लाल गोल असतो. ते डोकं कापायचं, फेटा नीट करायचा, मागे निळं आभाळ टाकायचं आणि खाली 'कै.' लिहायचं.

हा फोटो मात्र नुसताच आला. नंबर अनोळखी. ना नमस्कार, ना गोल, ना कुणाचं नाव. दुपारचं जेवण करून मी नुकतीच कॉम्प्युटरपुढे बसले होते.

ब्लॅक अँड व्हाइट, कातरलेल्या किनारीचा जुना प्रिंट, मोबाइलने काढलेला. खालच्या बाजूने प्रिंट धरणाऱ्याचा अंगठाही आत आलेला. मागे भिंतीला घोंगडी टांगलेली, पुढे खुर्चीत नऊवारीतली तरुण बाई. तिच्या मांडीवर अंगडं-टोपडं घातलेलं तान्हं मूल. शेजारी खुर्चीचा हात धरून तीनेक वर्षांचा मुलगा उभा.

मी लिहिलं, "काय करायचंय? साफ करायचा, रंगीत करायचा, की खाली काही लिहायचंय?" वर आणखी एक विचारलं, कारण हल्ली लोक तेही विचारतात, "की फोटो कधीचा आहे ते बघून सांगायचंय?" दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही. फोन केला तर लागेना. इथून वर आणे गावाच्या पठारावरचे लोक असले की हे नेहमीचंच. रेंज शोधत बांधावर जातात, मेसेज पाठवतात आणि घरी येतात.

मला राग आला. लोकांना वाटतं आम्ही देवऋषी आहोत, अंगारा लावून मनातलं ओळखतो. तरी हाताला काम नव्हतं म्हणून साफ करायला घेतलाच.

फोटो मोठा केला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सगळे हललेत. पूर्वी ओसरीच्या सावलीत फोटो काढायचा म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे. उभ्या मुलाचं तोंड पुसल्यासारखं झालेलं. बाईच्या नथीच्या दोन नथी दिसत होत्या. वाऱ्याने घोंगडीची दशीसुद्धा हललेली. मांडीवरचं मूल मात्र सुईने टोचून काढल्यासारखं स्वच्छ होतं. टोपड्याच्या नाडीचा पीळ मोजता यावा इतकं.

झोपलं असेल, मी म्हटलं. पण डोळे तर उघडे होते.

अजून मोठं केलं. डोळे शाईने काढलेले होते, बारीक कुंचल्याने, मिटलेल्या पापण्यांवर. सासरे हे काम करायचे. ते मला सांगायचे की शाईच्या बुबुळात पांढरा ठिपका द्यायला विसरू नकोस, उजेडाचा. तो नसला की डोळा बघत नाही, नुसता उघडा राहतो. या डोळ्यांत तो ठिपका नव्हता.

बाहेर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून चालले होते, ऊन रखरखीत होतं, आणि माझ्या मात्र मानेवर काटा आला. मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि फोटो रंगाच्या सॉफ्टवेअरला दिला. ते आपलं आपण रंग भरतं. बाईचा हात गव्हाळ झाला, लुगडं हिरवं झालं, मुलाच्या गालावर लाली आली. तान्हं राखाडीच राहिलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. अशी सॉफ्टवेअरं चुकतात, कधी हात सोडतात, कधी कान, हे मला माहीत आहे. पण तीनदा रंगवूनही त्याने नेमकं तेवढंच सोडलं.

मग मी आगाऊपणा केला आणि बाळावर चेहरा सुधारायचं बटण दाबलं. ते जुन्या चेहऱ्याच्या जागी अंदाजाने नवा चेहरा बसवतं. क्षणभर गोल फिरलं आणि पडद्यावर एक गुबगुबीत बाळ आलं. डोळ्यांत उजेडाचे ठिपके, ओठांत दातांची अख्खी रांग. सहा महिन्यांच्या पोराला एवढे दात! आणि ते थेट माझ्याकडे बघत होतं. मी कॉम्प्युटर बंद करायच्या ऐवजी पडद्यावर ओढणी टाकली, इतकी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने टॉवेलात गुंडाळलेला तोच प्रिंट काढला.

"सुनंनं पाठवला व्हता," ती म्हणाली. "तिला लिवायला सवड न्हाई. म्हनली, आत्याबाई, तुमीच जावा."

मी स्टूल पुढे केलं. ती टेकली आणि लगेच सांगायला लागली. थोरला भाऊ नुकताच गेला. दहाव्याला भावजयीने त्याची ट्रंक उघडली, तर तळाला हा निघाला.

"आई म्हनायची, तुजा न माजा येक फोटू हाय. भावाला इचारलं की तो म्हनायचा, वाळवी लागली त्याला. आन बगा, जल्मभर ठिवून बसला व्हता. का दडिवला असंल?"

मी प्रिंट टेबलावर सरळ ठेवला.

"ही आई. ह्यो भाऊ. आन ही मी." तिने बोट त्या अंगड्या-टोपड्यावर ठेवलं. "आई लई कौतुकानं सांगायची. फोटूवाला आला, समदी हालली, तू येवडीशी पन न्हाई हालली. लई गुनाचं लेकरू."

तिच्या बोटाखाली ते शाईचे डोळे होते.

तिने पैशाचं विचारलं नाही, कामाचंच सांगितलं. "मोटा करा. रंगीत करा. आन यात मी किती म्हयन्याची हाय ते बगून सांगा. तसंच खाली लिवा, माज्या नावासकट. आईसंगं माजा ह्यो येकच फोटू."

"नाव काय आजी?"

तिने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना कळेल असं ते होतं. दगडाधोंड्याचं नाव. घरात मूल दगावलं की मागून येणाऱ्याला असलंच ठेवतात, म्हणजे काळाला ते नकोसं वाटावं. आधी कुणी दगावलेलं नसताना लेकराला असं नाव कुणी ठेवत नाही.

तरी मी विचारलं, "भाऊ केवढ्याने मोठा?"

"आट-नऊ वर्साचं अंतर. त्यानंच तर खेळिवली मला, कडंवर घिऊन मेंढरामागं फिरायचा."

फोटोतला तिचा भाऊ तीन वर्षांचा होता. तिने ते बघितलं होतं आणि बघितलं नव्हतं.

रंग भरणं माझ्या हातात होतं. हाताने भरला असता तर लाली आली असती, ठिपका दिला असता तर डोळे बघायला लागले असते. ती खुशीत आण्याला गेली असती आणि भिंतीवर लावलेल्या त्या फोटोला आयुष्यभर 'मी' म्हणाली असती. कुणाचं काय बिघडलं असतं? आणि खरं सांगायचं तर तिला उरलेलं आईचं एवढंच होतं, ते मी काढून घ्यायची कोण? मी चहा मागवला. चहा आला, संपला, तरी माझं ठरेना. मला माझाच राग येत होता.

शेवटी मूळ प्रिंट स्कॅन केला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. काल अंगठ्याखाली झाकलेला भाग आता दिसत होता. तिथे भाऊ होता, म्हणजे त्याचा दुसरा हात. त्याने बाळाचा पाय धरला होता. आणि काल टोपड्यामागचा डाग समजून जे मी पुसणार होते, तो डाग नव्हता. आईच्या बोटांची टोकं होती. तिने मागून बाळाची मान धरून ठेवली होती. मान धरायला लागत होती.

म्हातारी पुढे वाकली. मी आधी आईची नथ मोठी करून दाखवली, मग भावाचं तोंड, मग बाळाची नाडी.

तिने बराच वेळ बघितलं. मेंढरं राखलेल्या माणसाला मेंढरू निजलंय की मेलंय हे लांबून कळतं.

"ही झोपली न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"भाऊ केवडूसा हाय ह्यात." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी जल्मले तवा त्यो हिरीवरनं पानी आनत व्हता."

तिने पदराने तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड.

"म्हंजी मला बहीन व्हती. आईनं तिलाच 'तू' म्हनून सांगितलं. दोगींची येकच केली." मग भावावर बोट ठेवून, "आन भाऊ बिचारा ट्रंक झाकून बसला. मला कळू नी म्हनून."

मी तिचा हात धरला. मला भरून आलं ते मी लपवलं नाही.

"मंग आईसंगं माजा येकबी फोटू न्हाई," ती म्हणाली. सांगितल्यासारखं नाही, मोजल्यासारखं.

फोटो मी रंगवला नाही. चिरा बुजवल्या, डाग काढले, बोटांना आणि डोळ्यांना हात लावला नाही. खाली काय लिहायचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आई, भाऊ आणि थोरली बहीण. फक्त एवढंच. किती महिन्यांची ते तिने पुन्हा विचारलं नाही.

फ्रेम तयार झाल्यावर मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि खुर्चीत बसवलं. फ्रेम तिच्या मांडीवर दिली. तिने ती बाळासारखी धरली, मागून हात घालून. मी दिवे लावले नाहीत. नुसता खिडकीचा उजेड ठेवला आणि मुद्दाम शटर हळू केलं, पूर्वीच्या फोटोवाल्यासारखं. हलू नका असं मात्र म्हटलं नाही.

क्लिक झाल्यावर तिने घाबरून विचारलं, "हालले का वं मी?"

मी स्क्रीनवर बघितलं. मांडीवरच्या फ्रेममधली आई, भाऊ, थोरली स्वच्छ दिसत होती. फ्रेमच्या वर म्हातारीचं तोंड पुसट झालं होतं, नाकातल्या चमकीच्या दोन चमक्या.

"हललात, आजी."

"बरं झालं," ती म्हणाली, "त्योच द्या."