चौतीस घरांचा फ्लेक्स

प्रतीक्षाचा चेहरा उतरताना मी पाहिला तो बुधवारी सकाळी साडेदहाला, लोणावळ्यातल्या दत्ताशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात. काम म्हटलं तर दहा मिनिटांचं होतं. आमच्या उंबरवाडीचा जुना फ्लेक्स तिनंच दोन वर्षांपूर्वी केला होता. वाडीचा नकाशा, ओढा, वाटा, एकतीस घरं, प्रत्येक घरावर नंबर आणि नाव. तेव्हा तीन घरची माणसं वीटभट्टीवर होती म्हणून त्यांची घरं राहून गेली होती. तेवढी घालायची, तारीख बदलायची, छापायचं. शुक्रवारी अकरा वाजता वाडीच्या वनहक्काच्या दाव्याची पाहणी होती, आणि त्या दाव्याचं काम मी बघते. साहेब लोक वाडीत येणार, ग्रामसभेच्या नकाशाशी घरं ताडून बघणार. नकाशात जे घर नाही, त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे घर मागाहून कधी बांधलं? त्या प्रश्नाला उत्तर देता देता माणसं म्हातारी होतात, मी पाहिलंय.

तिनं फाईल उघडली. पडद्यावर आमची वाडी नव्हती. गॉगल लावलेला एक भावी नगरसेवक हात जोडून उभा होता, खाली केक आणि बारा जणांचे फोटो.

"हे काय?" मी विचारलं.

तिनं फाईलचं नाव पुन्हा वाचलं. फाईल बंद करून परत उघडली.

"ताई, फाईल गेली."

फ्लेक्सवाल्यांची रीत आहे ही. कोरा कागद कुणी घेत नाही. जुनी फाईल उघडायची, मापं तयार असतात, आतलं पुसायचं, नवं भरायचं आणि दुसऱ्या नावानं ठेवायचं. घाईत दुसरं नाव द्यायचं राहिलं की जुन्याचा जीव गेला. या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हेच झालं होतं. प्रोग्राम आपली एक मागची प्रत राखून ठेवतो, ती तिनं उघडली. त्यातही गॉगलच. तिनं त्या दिवशी दोनदा सेव्ह केलं होतं, म्हणून मागची प्रतही नगरसेवकाची झाली होती. छपाईच्या मशीनवरच्या जुन्या फाईली दत्ताशेठ दर दिवाळीला साफ करतो.

मी भडकले. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

ही पोरगी मळवलीची. वडील रेल्वेत गँगमन होते, आई निर्मलाबाई बंगल्यांची राखण करते. बारावीनंतर दुकानात बिलं लिहायला आली आणि कारागिराच्या खांद्यावरून बघत बघत सगळं शिकली. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. माझ्यासारखीच, म्हणून मला तिचा अभिमान. फरक एवढाच की मी शिकले तसतशी माझी भीती गेली, तिची वाढली. त्याला कारण आहे. पहिल्याच वर्षी तिनं श्रद्धांजलीच्या फाईलीवर एका पैलवानाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला. फोटो बदलला, मजकूर बदलला, पण सगळ्यात खालची 'शोकाकुल मित्रपरिवार' ही ओळ तशीच राहिली. फ्लेक्स चौकात लागला. पैलवान जिवंत, मित्रपरिवार शोकाकुल. दुकानाची काच फुटली. तेव्हापासून ती प्रत्येक फ्लेक्स छापायला सोडताना डोळे मिटते.

"मूळ नकाशाचा कागद?" तिनं हळूच विचारलं.

"दाव्यासोबत जमा आहे."

"झेरॉक्स?"

झेरॉक्स माझ्याकडूनच गेल्या वर्षी एसटीत राहिली होती. ते सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला.

मग माझ्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो सापडला. छापण्याआधी तिनंच पाठवलेला. त्यात वाडी होती, पण सपाट झालेली. लेअर म्हणजे वेगवेगळे थर नाहीत, अक्षर अक्षर नाही, रेघ रेघ नाही, सगळं ठिपक्यांचं एकच चित्र. दहा बाय सहा फुटाला ताणलं की घरांच्या कडा लोण्यासारख्या वितळायच्या आणि नावांच्या जागी मुंग्या बसल्यासारख्या दिसायच्या.

"कॉम्प्युटरला सांग ना काढायला," मी म्हणाले. "आपोआप होतं म्हणतात."

तिनं करून दाखवलं. बटण दाबलं, फोटोतल्या रंगांच्या कडा शोधून मशीननं आकार काढले. हजारो बारीक तुकडे. भागूबाईचं आणि बारकूचं घर शेजारी, दोघांची मिळून एकच फताडी जागा झाली. नावं म्हणजे शेणाचे पो.

"ताई, हे असं छापलं तर भागूमावशीचं घर बारकूभाऊंच्या घरात गेलं."

तेव्हा काय गेलंय ते मला पहिल्यांदा कळलं. तोवर नुसता राग होता.

हातानं काढायचं ठरलं. तिनं तो फोटो बरोबर दहा बाय सहाच्या चौकटीत बसवला, फिका केला आणि खालच्या लेअरला कुलूप लावलं, म्हणजे हलायचा नाही. फोटो थेट फाईलीतून निघालेला होता म्हणून वाकडा नव्हता, घरांच्या जागा खऱ्या होत्या. फक्त नावं वाचता येत नव्हती. त्यासाठी छापलेला फ्लेक्सच हवा होता, आणि तो कुठं होता ते मला माहीत होतं.

तिच्या स्कूटीवरून आम्ही कुरवंड्याला गेलो, तिथून चढ चढून वाडीत. फ्लेक्स भागूबाईच्या लाकडांवर अंथरलेला होता, वर दगड.

"आता लाकडं भिजली तर तू फुकणार व्हय चूल?" भागूबाई म्हणाली. पण दगड तिनंच उचलले. छापलेली बाजू खाली होती, ऊन लागलेलं नव्हतं. ओलीचे डाग होते, एका कोपऱ्याला उंदरांनी खाल्लं होतं. प्रतीक्षानं गुडघ्यावर बसून एकेका घराचा जवळून फोटो घेतला. उंदरांनी खाल्लेल्या जागी नंबर नऊ होता. ते घर रखमाजीचं, त्यानं स्वतः येऊन नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, तिनं तळहातावर लिहून घेतलं.

दुपारी दोनला परत दुकानात. मग मी तिच्या मागं स्टुलावर बसून राहिले. वरच्या नव्या लेअरवर ती प्रोग्राममधल्या पेनानं एकेक घर काढत होती. कोपऱ्यावर एक टिंब, दुसऱ्या कोपऱ्यावर दुसरं, फिरून पहिल्यावर यायचं, आकार बंद. ओढ्याला मात्र टिंबं कमी, दोन टिंबांमधली रेघ ओढून वाकवायची. टिंबं जास्त झाली की ओढा थरथरल्यासारखा दिसतो, असं तिनं सांगितलं. वाटांचा लेअर वेगळा, घरांचा वेगळा, नावांचा सगळ्यात वर. दर थोड्या वेळानं ती फाईल नव्या नावानं ठेवायची, एक, दोन, तीन असे आकडे लावून. पेनड्राईव्हवरही.

नावं टाईप करताना अक्षराचं वळण जुळेना, जुना फॉन्ट त्या मशीनवर नव्हता. "वळण मरू दे, नाव बरोबर हवं," मी म्हणाले. तिनं एका घराच्या नावाची पट्टी तयार केली, तिच्या प्रती काढून घराघरावर ठेवल्या आणि आतली नावं मोबाईलमधल्या फोटोत बघून बदलत गेली. साडेसहाला राहिलेली तीन घरंही मी सांगितलेल्या जागी बसली. आम्ही दोघींनी बोट ठेवून मोजलं. चौतीस.

"सोड छापायला," मी म्हणाले.

"ताई, आधी छोट्या कागदावर काढू. उद्या सकाळी वाडीत वाचून दाखवू."

"उद्या गुरुवार. लाईट गेली तर? चौतीस आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"भीती वाटते."

"तुला सावलीचीही वाटते," मी म्हणाले. दत्ताशेठ गल्ल्यावरून हसला. तिचे डोळे भरले, पण हात माउसवरून हलला नाही. "तुम्ही ओरडा हवं तर. मी नाही सोडणार."

दोन माणसांसमोर मला नाही म्हणणारं कुणी फारसं भेटत नाही. मी चप्पल घातली आणि निघून आले. रागानं नाही गेले, घाबरून गेले, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तिची भीती मला लागली होती.

गुरुवारी आठला ती दोन कागद चिकटवून केलेला नकाशा घेऊन वाडीत हजर. माणसं जमली, जो तो आपलं नाव शोधायचा, सापडलं की "हाय हाय, बराबर हाय" म्हणून कामाला जायचा. पंधरा मिनिटांत बहुतेकांचं समाधान झालं. मी तिच्याकडं बघितलं, बघ म्हणून.

भागूबाईला वाचता येत नाही. तिनं कागदाकडं बघितलंही नाही. म्हणाली, "झऱ्यापासनं धर. मी चालतीया, तू वाच."

आणि ती खरंच चालू लागली. एकेका दारासमोर थांबायची, काठी टेकायची. प्रतीक्षा मागून वाचायची. एक, दोन, तीन. उजव्या अंगाची घरं संपली. सतरा, महिपती. भागूबाईनं काठी टेकली. पुढच्या दाराशी गेली. त्या दाराला कुलूप होतं.

"अठरा," प्रतीक्षानं वाचलं, "महिपती."

"महिपती मागं झाला की गं. त्याला काय दोन बायका हायत व्हय?" कुणीतरी हसलं. भागूबाई नाही हसली. "ह्यो सोनाबाईचा दरवाजा. सोनी कुटं गेली?"

सोनाबाई औंढ्याला भातकापणीला गेली होती, चार दिवस झाले. विधवा बाई, एका खोलीचं घर, मागं बोलणारं कुणी नाही. हजर असलेल्यांनी आपापलं नाव बघितलं होतं. तिचं बघायला कोण होतं? प्रतीक्षानं महिपतीची पट्टी पुढच्या घरावर ठेवली होती आणि आतलं नाव बदलायचं राहिलं होतं. पट्ट्या चौतीस, घरं चौतीस, आमची मोजणी बरोबर. फक्त एक बाई नव्हती.

प्रतीक्षा तिथंच खाली बसली. कागद मांडीवर घेऊन तिनं अठराभोवती पेनानं गोल केला. मी तिच्याशेजारी बसले. काल मी जिंकले असते तर हे दहा बाय सहा फुटात छापून झालं असतं, आणि मीच ते उद्या साहेबांपुढं अभिमानानं उभं केलं असतं.

"बसताय काय?" भागूबाई म्हणाली. "अजून सोळा ऱ्हायलीत. चला."

बाकीची सोळा बरोबर निघाली. खाली उतरून प्रतीक्षानं नाव बदललं, मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग उलट्या क्रमानं वाचायला लावलं. मी दोन्हीदा वाचलं. लाईट गेली ती दुपारी चारला आली, फ्लेक्स सहाला हातात पडला.

शुक्रवारी तिला यायचं कारण नव्हतं, तरी ती आली. झऱ्याजवळ दोन बांबूंना फ्लेक्स बांधला होता, ती त्याच्या कडेला उभी राहिली, दोरी सुटेल म्हणून धरून. तीन साहेब होते. घराघरापुढं थांबून मोबाईलवर जागा टिपत होते. सतरा झालं. कुलूपबंद दारासमोर त्यातला चष्मेवाला थांबला.

"हे कुणाचं? राहतं का कुणी? गोठा वाटतो."

मी तोंड उघडणार तोच मागून प्रतीक्षाचा आवाज आला, कापरा, पण ऐकू येण्याइतका.

"अठरा नंबर, सर. सोनाबाई. औंढ्याला कामाला गेल्यात."

साहेब मागं वळून फ्लेक्सपाशी गेला. चष्मा वर केला, पहिल्या घरापासून बोटानं मोजत अठरापर्यंत आला. मग परत दारापाशी येऊन खिडकीतून आत डोकावला. चूल, दोन पातेली, भिंतीवर खुंटीला लुगडं. त्यानं वहीत लिहिलं. त्याच्या खांद्यावरून मी वाचलं. सोनाबाई, राहते घर.

"पुढचं," तो म्हणाला आणि एकोणिसाव्या दाराकडं चालू लागला. प्रतीक्षानं दोरी कुणाच्या तरी हातात दिली आणि त्यांच्या मागून निघाली, प्रत्येक दाराशी नंबर पुटपुटत. चौतीस होईपर्यंत ती कुठं टेकली नाही.