नकोबाई आणि हिरवी खूण

आमच्या कारखान्याच्या कार्यालयात अहवाल तपासणाऱ्या बाईंना सगळे नकोबाई म्हणत. नाव त्यांनीच कमावलं होतं. संगणकातला व्याकरण तपासनीस वाक्याखाली निळी रेघ ओढून दुरुस्ती सुचवायचा आणि बाई निम्म्या वेळा ‘नको’वर बोट ठेवायच्या. मी शेजारच्या टेबलावर यंत्रांची रेखाटनं काढतो, त्यामुळे त्यांची पुटपुट मला फुकटात ऐकायला मिळे.

अहवाल इंग्रजीत असत आणि त्या तपासनिसाचा कर्मणी प्रयोगावर भारी राग. ‘वॉज’च्या पुढे ‘टायर्ड’ दिसलं की हा ओरडलाच, कर्ता सांगा म्हणून. “अरे, माणूस थकलेला होता, एवढंच आहे ते,” बाई त्याला समजावत. “यात कुठला कर्ता शोधतोस?” पण बाई हट्टी नव्हत्या. ‘सुट्ट्या रद्द करण्याचा निर्णय घेण्यात आला’ अशा अर्थाच्या वाक्याखाली रेघ आली तेव्हा त्यांनी आनंदाने यंत्राचं ऐकलं आणि ‘व्यवस्थापकांनी निर्णय घेतला’ असं लिहून कागद थेट साहेबांपुढे ठेवला. साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

त्यांची कसोटी एकच होती. दुरुस्ती मान्य केली तर आपल्याला माहीत नसलेलं काही लिहिलं जातंय का? जात असेल, तर नको.

मग साहेबांनी फतवा काढला. तपासनीस हिरवी खूण देईल तोच अहवाल बाहेर जाईल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार. एखादी सुचवणी नाकारली की खूण नारिंगीच राहायची, त्यामुळे बाईंचे अहवाल अडकायला लागले.

त्याच सुमारास बॉयलरखान्यात अपघात झाला. फिटर पाइप दुरुस्त करत असताना बंद असायला हवा तो व्हॉल्व्ह उघडा होता. वाफेने भाजून फिटर गेला. बॉयलरवाला मागे फेकला गेला, डोकं आपटलं, आणि त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना. चौकशीवाल्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: बॉयलरवाला सकाळी पाळीवर आला. व्हॉल्व्ह उघडा ठेवला गेला होता. कोणी ठेवला, ते कळू शकलं नाही.

रेघ आली. तपासनिसाने सुचवलेलं वाक्य असं होतं: ‘बॉयलरवाल्याने व्हॉल्व्ह उघडा ठेवला.’ आधीच्या वाक्यातला माणूस उचलून त्याने या वाक्यात बसवला होता. पुढचं वाक्य अनावश्यक म्हणून गाळायचंही सुचवलं होतं. बाईंनी दोन्हीला नको म्हटलं, खूण नारिंगी ठेवली आणि त्या घरी गेल्या. संध्याकाळी साहेबांनी ‘सगळं मान्य’ दाबलं. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी मानतो. त्यांना फक्त हिरवं हवं होतं. पण म्हणून मला त्यांचा राग येत नाही, असं नाही.

सकाळी तो अहवाल फलकावर लागलेला बाईंनी पाहिला. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदा ऐकला. दुपारपर्यंत चौकशीवाल्यांच्या सहीने दुरुस्त प्रत लागली. पण तोवर बॉयलरवाल्याच्या मेहुण्याने पहिली प्रत दवाखान्यात नेऊन त्याला मराठीत वाचून दाखवली होती.

बाईंनी मलाही सोबत नेलं. बॉयलरवाला उशीला टेकून बसला होता, डोक्याला पट्टी. शेजारी त्याची बायको. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, यंत्र कसं चुकलं तेही, आणि दुरुस्त अहवाल वाचला. कोणी ठेवला, ते कळू शकलं नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, तुम्ही भल्या आहात. माझं मन राखायला बदललंत.”

“नाही हो दादा, आधी हेच लिहिलं होतं.”

“आधी जे छापलं, ते मला आता आठवतंसुद्धा. माझा हात व्हॉल्व्हच्या चाकावर आहे, असं दिसतं.” त्याने डोळे मिटले. “फिटर माझा दोस्त होता.”

यंत्राला शंभरदा नको म्हणणाऱ्या बाईंनी शेवटची ओळ त्याला पुन्हा वाचून दाखवली. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीपाशी गेलो.

फतवा नंतर मागे घेतला गेला. कोणी घेतला, ते सूचनेत लिहिलेलं नाही आणि बाईंनीही या वेळी विचारलं नाही. बॉयलरवाला घरी आला, पण कामावर परतला नाही. फिटरच्या घरावरून जायला नको म्हणून तो लांबचा रस्ता धरतो.

बाई दर रविवारी त्याच्याकडे जातात. तो म्हणतो, वाचा. त्या ‘कोणी ठेवला, ते कळू शकलं नाही’ ही ओळ वाचतात. तो मान हलवतो, बायकोला चहा ठेवायला सांगतो, आणि बाई निघाल्या की दारापर्यंत येऊन म्हणतो, “मीच ठेवला होता, बाई.”